विषुवदिन आणि बेळगावातली जादा सात मिनिटे

प्रश्न : 'विषुवदिनी दिवस व रात्र समान असतात' असे शाळेत शिकलो. पण २१ मार्चला बेळगावात सूर्योदय ६:३६ ला आणि सूर्यास्त ६:४३ ला दाखवतात. मग 'विषुवदिन' हा शब्दच चुकीचा म्हणायचा का?

शब्द बरोबर आहे, शाळेतले वाक्य ढोबळ आहे. संस्कृतात 'विषुवत्' म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, मधला. सूर्यबिंबाचा मध्य खगोलीय विषुववृत्त ओलांडतो तो विषुवदिन. या व्याख्येत घड्याळ येतच नाही.

सात मिनिटे येतात ती 'सूर्यास्त' या शब्दाच्या अर्थातून. बिंबाची वरची कड दिसेनाशी झाली की सूर्यास्त, असा आजचा संकेत आहे. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर १६ कला, म्हणजे अंशाचे १६ साठांश. याहून मोठा वाटा वक्रीभवनाचा. क्षितिजालगतचा किरण दाट होत जाणाऱ्या हवेतून तिरपा येताना खाली वाकतो आणि सूर्य सरासरी ३४ कला वर उचललेला दिसतो. दोन्ही मिळून ५० कला. म्हणजे दिवस मावळताना बिंबाचा मध्य खरा क्षितिजाच्या ५० कला खाली गेलेला असतो. बेळगावच्या अक्षांशावर, म्हणजे १६ अंशांच्या आसपास, मार्चमधला सूर्य मिनिटाला साधारण साडेचौदा कला उतरतो. म्हणून संध्याकाळी साडेतीन मिनिटे जादा मिळतात आणि सकाळी तितकीच. त्या सातांतली पावणेपाच मिनिटे एकट्या हवेची.

मावळते बिंब दबलेले दिसते तेही याच कारणाने. खालची कड क्षितिजाला टेकली की ती ३४ कला उचलली जाते, पण वरची कड अजून अर्धा अंश उंच असल्यामुळे तिला २८-२९ कलाच मिळतात. त्यामुळे ३२ कलांचे बिंब उभ्यात २६-२७ कलांचे होते, आडवी रुंदी मात्र जवळपास तशीच राहते. झूम करून फोटो काढा आणि उंची-रुंदी मोजा, गुणोत्तर पाचास सहाच्या जवळ यायला हवे. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट बघू नका.

आपल्याकडे एक अडचण येते. राजहंसगडावरून पाहिले तरी पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. सूर्य डोंगराआड जातो तेव्हा तो एखादा अंश वर असेल, तर दोन कडांतला फरक चार कलांच्या आसपासच उरतो आणि बिंब बरेचसे गोल दिसते. कारवारच्या किनाऱ्यावर फरक ठळक दिसेल. शिवाय ३४ हा आकडा सरासरीचा आहे. हवेचा दाब आणि तापमान बदलले की तोही बदलतो, म्हणून सूर्यास्ताची वेळ सेकंदापर्यंत सांगण्यात अर्थ नसतो.

'समान' हा शब्द काटेकोरपणे वापरायचा असेल तर बेळगावसाठी तो दिवस वेगळा निघतो. मार्चमध्ये इथे दिवस रोज साधारण ५४ सेकंदांनी वाढतो, म्हणून बारा तासांचा दिवस विषुवदिनाच्या आठवडाभर आधी, १२-१३ मार्चच्या सुमारास येऊन जातो. शरदात तो सप्टेंबरच्या अखेरीस येतो.