शब्द मोजायच्या आधी काळ बघ

काल कॉलेज रोडवर चहा पिताना तू वही दाखवलीस, त्यावरून लिहितोय. बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन आणि भाषावापराच्या पेपरात, चौथ्या भागात, असे 6 प्रश्न असतात: एक वाक्य आणि एक शब्द देतात, तो शब्द वापरून त्याच अर्थाच्या दुसऱ्या वाक्यातली रिकामी जागा भरायची. उत्तर 2 ते 5 शब्दांत, दिलेला शब्द धरून, आणि त्या शब्दाचं रूप अजिबात बदलायचं नाही.

तुझंच वाक्य घे: 'इट्स टू इयर्स सिन्स आय लास्ट सॉ हिम.' दिलेला शब्द 'फॉर'. रिकामी जागा 'आय' आणि 'टू इयर्स' यांच्यामध्ये. तू लिहिलंस 'डिड नॉट सी हिम फॉर'. शब्द बरोबर पाच, पण काळ चुकला. आपण मराठीत 'दोन वर्षांत भेटलो नाही' म्हणतो ना, तो भूतकाळ तसाच इंग्रजीत उतरतो. (मीही वर्षभर हेच करत होतो.) न भेटणं आजपर्यंत चालू आहे, म्हणून 'हॅव्हन्ट सीन हिम फॉर'.

आता मोज. 'हॅव्हन्ट' हा एक दिसतो, पण धरतात दोन: 'हॅव नॉट'. म्हणजे एकूण पाच, जागा संपली. मध्ये 'द लास्ट' घुसवलंस तर सात होतात. 'कान्ट' मात्र एकच, कारण त्याचं पूर्ण रूप 'कॅनॉट' एकच शब्द आहे.

प्रत्येक प्रश्नाला 2 गुण, उत्तराच्या दोन तुकड्यांना एकेक. त्यामुळे अर्धंच सुचलं तरी लिही. सरावाला बसलास की आधी मूळ वाक्यातली कोणती माहिती नव्या वाक्यात आलेली नाही, ते अधोरेखित कर; वरच्या वाक्यात 'हिम' लिहायचा सहज राहून जातो.