जोडीतला मऊ टायर

"बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमान उतरताना बघितलं. एवढा धक्का टायर सोसतात की वरचा तो चकचकीत दांडा? आणि टायरची हवा सारखी का मोजतात?"

धक्का खऱ्या अर्थाने जिरवतो तो दांडा. त्याला ओलिओ स्ट्रट म्हणतात. टायर दबतो, पण चेंडूसारखा घेतलेलं बहुतेक परतही देतो. नुसत्या टायरांवर विमान उसळ्या मारत गेलं असतं.

स्ट्रटच्या आत तेल आणि नायट्रोजन असतो. चाक टेकलं की दांडा वर सरकतो आणि तेल एका बारीक भोकातून जोरात ढकललं जातं. त्या घासाघाशीत धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन तेलात मुरते. नायट्रोजन दाबला जाऊन स्प्रिंगचं काम करतो, आणि दांडा परत बाहेर येताना तेल आणखी सावकाश सोडतात, म्हणून उसळी येत नाही. मोठ्या विमानांचा हिशेब सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने खाली येण्याचा धरतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मीटरवरून सोडल्यासारखं. रोजचं उतरणं याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं.

आता हवा. मी विमानांच्या देखभालीत आहे, घर निपाणीला. आमच्याकडे उसाच्या ट्रकला मागे जोडचाकं असतात. आतला टायर मऊ झाला तरी बाहेरचा त्याचं ओझं उचलतो, म्हणून तो बसलेला दिसत नाही. ड्रायव्हर दांडक्याने ठोकून आवाज ऐकतो. विमानातही तेच, फक्त दाब २०० पीएसआयच्या घरात, त्यामुळे ठोकून भागत नाही, गेजच लावावा लागतो. तोही टायर थंड असताना, उतरल्यावर किमान दोन-तीन तासांनी. दर ३ अंशांना दाब साधारण १ टक्का बदलतो. दुपारी ३० अंशांत २०० भरलेला टायर बेळगावच्या थंडीत पहाटे १२ अंशांना १८८ दाखवेल, गळती नसतानाही.

मऊ टायरच्या जोडीदारावर काय बेततं ते जेद्दाहला दिसलं. ११ जुलै १९९१ रोजी एक डीसी-८ विमान कमी दाबाचे टायर तसेच ठेवून निघालं. दाब कमी आहे हे आधीच माहीत होतं, पण टायरांत हवेऐवजी भरतात तो नायट्रोजन भरला गेला नाही. धावपट्टीवर मऊ टायरचा भार शेजाऱ्यावर गेला. तो जास्त वाकला, तापला, आतून कमजोर झाला आणि आधी फुटला तो हाच. पाठोपाठ मऊ टायरही गेला. चाक फिरायचं थांबून धावपट्टीवर घासलं, पेट घेतला, आणि वैमानिकांनी नेहमीप्रमाणे चाकं आत घेतली तेव्हा आग विमानाच्या पोटात गेली. २६१ जण गेले, कुणीही वाचलं नाही.

म्हणून दाब ठरलेल्याच्या ९० टक्क्यांखाली दिसला की तो टायर आम्ही काढतो. ८० च्या खाली गेला असेल तर शेजारचा टायरही काढतो, त्यात गेज पूर्ण दाब दाखवत असला तरी.