हॉटेलने अडकवलेलं डिपॉझिट कसं सोडवायचं

दुबईला पहिल्यांदाच जाताय, तर चेक-इनला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड देऊ नका, क्रेडिट कार्ड द्या. हॉटेल डिपॉझिटची रक्कम कापत नाही, फक्त अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर तेवढी लिमिट कमी दिसते, पण डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि ऐन प्रवासात हाताशी राहत नाहीत.

माझं तसंच झालं होतं. डेबिट कार्डावर 1000 दिरहॅम अडवले. निघताना 300 दिरहॅमचं बिल मी त्याच कार्डाने भरलं. काउंटरवरच्या माणसाने ते नवीन व्यवहार म्हणून घेतलं, त्यामुळे आधीचे 1000 तसेच राहिले आणि खात्यात एकूण 1300 कमी दिसले. म्हणून चेक-आउटला स्पष्ट सांगा, "बिल अडवलेल्या रकमेतूनच घ्या, उरलेली सोडा."

चेक-इनची स्लिप जपून ठेवा, फोटोही काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं उडतात. तिच्यावर PRE-AUTH, म्हणजे रक्कम अडवल्याची नोंद, आणि सहा अक्षरी APPROVAL CODE असतो. आठ-दहा दिवसांत पैसे मोकळे झाले नाहीत, तर आधी हॉटेलला ईमेल करा. तो कोड, तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहा, आणि अडवलेली रक्कम सोडल्याचं पत्र मागा. नुसतं "आम्ही सोडलंय" एवढ्यावर थांबू नका. ते पत्र आपल्या बँकेला पाठवा. कोड असला की बँकेला नेमका व्यवहार शोधता येतो.

पूर्ण कार्ड नंबर मात्र ईमेलमध्ये कधीच लिहू नका, हॉटेलने मागितला तरी.