सातबाऱ्यावरची बहीण, बांधावरची विहीर

प्रश्न: वडील 2001 मध्ये गेले. रावेर तालुक्यात वडिलोपार्जित आठ एकर. वारस आई, दोन भाऊ आणि मी. माझं लग्न 1990 चं. सातबाऱ्यावर माझं नाव ‘इतर हक्कात’ घातलंय. भाऊ म्हणतात, तुझा हिस्सा नाही.

उत्तर: ताई, नाव कुठल्या रकान्यात आहे यावरून मालकी ठरत नाही. सातबारा हे महसुली दप्तर. पूर्वी आपल्याकडे बहिणींची नावं सर्रास इतर हक्कात टाकली जात, त्यावरूनच हा गैरसमज रुजला.

9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही मुलासारखी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्न कधी झालं याचाही संबंध नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूम झाला असेल, तर ती वाटणी उकलत नाही. तेवढं आधी तपासा.

आता हिशेब. आठ एकर म्हणजे 320 गुंठे. वडील, आई आणि तिघं भावंडं असे पाच हिस्से, प्रत्येकी 64 गुंठे. वडिलांचे 64 चौघांत वाटले की 16-16. म्हणजे प्रत्येकाला 80 गुंठे, दोन एकर. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल, तर ते फक्त त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं चालेल. बाकी जमीन त्यांना लिहून देता येत नव्हती.

दुसरा प्रश्न: आखाजीला बहीण आली तेव्हा तिने स्टॅम्पपेपरवर हक्क सोडल्याचं लिहून दिलं, नोटरीही केली. तलाठी म्हणतात, फेरफार होणार नाही.

उत्तर: भाऊ, तलाठी बरोबर आहेत. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीने ते काम होत नाही. नवीन करताना हक्क कोणाच्या लाभात सोडला ते नाव घालून लिहा. नाहीतर उद्या दुसरा भाऊ म्हणेल, माझ्यासाठीही सोडला होता. आणि सही आखाजीच्या पाहुणचारात घेऊ नका. तिला कागद घरी नेऊन वाचू द्या. दबावाने सही घेतल्याचे दावे माझ्याकडे येतात, त्यातले निम्मे असल्याच दुपारचे असतात.

तिसरा प्रश्न: वाटणीत विहीर धाकट्या भावाच्या गटात गेली. माझी केळी मे महिन्यात सुकते. तो म्हणतो, विहीर माझी.

उत्तर: वाटणीपत्रात काय लिहिलंय, सगळं त्यावर आहे. बहुतेक ठिकाणी ‘विहीर सामाईक’ एवढंच असतं आणि भांडण तिथेच सुरू होतं. हिस्सा किती, मोटार आणि वीजबिल कुणाचं, पाइपलाइन कुणाच्या शेतातून, दुरुस्तीला जायची वाट कुठून, हे लिहायला हवं. पाळीही वारांवर ठरवू नका. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. त्यात एकाच्या वाट्याला सतत रात्र येऊ शकते. पाळी विजेच्या तासांवर ठरवा. तोंडी ठरलं असेल तर दोघांच्या सहीचं पुरवणीपत्र करून नोंदवा आणि विहिरीचा हिस्सा सातबाऱ्यावर लावून घ्या. धाकटा तयार नसेल तर दिवाणी दावा करून पाणी न अडवण्याची ताकीद मागावी लागेल. तो मे उजाडायच्या आत दाखल करा, केळी निकालापर्यंत थांबत नाही.