खरेदीच्या डेटावरून सप्लायर स्कोअरकार्ड कसे बनवावे?

प्रश्न: "आमच्याकडे दोन वर्षांचा पीओ, जीआरएन आणि बिलांचा डेटा एक्सेलमध्ये आहे. त्यातून उशीर, रिजेक्शन आणि रेटमधला फरक धरून सप्लायरना गुण द्यायचे आहेत. सुरुवात कुठून करू? वेटेज किती ठेवू?"

वेटेज सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एकच गोष्ट पक्की करा: उशीर कोणत्या तारखेपासून मोजणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. मी अनेक वर्षे खरेदी विभागात काढली आहेत. माझे पहिले स्कोअरकार्ड इथेच चुकले होते, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मी सिस्टीममधून पीओची डिलिव्हरी तारीख आणि जीआरएनची तारीख घेतली, वजाबाकी केली आणि यादी लावली. सर्वात वरती आलेल्या सप्लायरचे नाव वाचून प्रॉडक्शनवाले चक्रावले, कारण त्यांची लाइन त्याच्याच मालासाठी सर्वात जास्त वेळा थांबायची. शोधल्यावर कारण सापडले. माल वेळेत येणार नाही असे दिसले की तो सप्लायर फोन करायचा, आणि आमचा बायर पीओमधली तारीख पुढे ढकलायचा. सिस्टीममध्ये नवी तारीख जुनीवर लिहिली जात होती, त्यामुळे त्याचा उशीर कागदावर उरतच नव्हता. दुसरा एक जण न विचारता दोन-तीन दिवस उशिरा माल पाठवायचा. त्याची तारीख कोणी बदलली नव्हती, म्हणून तो तळाशी गेला होता.

म्हणून पीओ पहिल्यांदा पाठवला त्या वेळी कबूल झालेली तारीख वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि तिला नंतर हात लावू नका. बहुतेक सिस्टीममध्ये पीओच्या बदलांचा इतिहास असतो, मागचा डेटा तिथून मिळतो. अपवाद एकच: तारीख आपण पुढे नेली असेल, म्हणजे आपलेच शेड्यूल बदलले असेल किंवा ड्रॉइंग उशिरा दिले असेल, तर नवी तारीख धरा. त्यासाठी प्रत्येक बदलापुढे "आपल्यामुळे" किंवा "सप्लायरमुळे" असा शेरा लागतो. जुन्या डेटात तो नसेल तर बायरबरोबर बसून आधी मोठ्या ऑर्डरींचे तरी शेरे भरून घ्या.

दुसऱ्या टोकाची तारीख जीआरएनची नको, गेट एंट्रीची घ्या. माल गेटवर आला आणि स्टोअरने चार दिवसांनी जीआरएन केला, तर ते चार दिवस सप्लायरच्या माथी मारणे चूक आहे. ठरलेल्या दिवशी आपल्याकडे सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस धरा.

आता तुकड्यातुकड्याने येणारा माल. समजा 1,000 बुशची ऑर्डर 10 तारखेला हवी होती. 9 तारखेला 200 आले, 14 ला 500 आणि 25 ला 300. पहिली आवक पाहिली तर सप्लायर वेळेत, शेवटची पाहिली तर 15 दिवस उशीर. दोन्ही उत्तरे फसवी आहेत. नगांच्या प्रमाणात सरासरी काढा: 200 नगांना 0 दिवस, 500 ना 4, 300 ना 15. म्हणजे 2,000 आणि 4,500 मिळून 6,500 भागिले 1,000, सरासरी उशीर 6.5 दिवस. यासोबत वेळेत आलेला माल 20 टक्के, हाही आकडा ठेवा, कारण लाइन थांबते ती त्यामुळे.

लवकर आलेल्या मालाचे दिवस उणे धरू नका. नाहीतर एक लॉट दहा दिवस आधी टाकून सप्लायर दुसऱ्या लॉटचा दहा दिवसांचा उशीर पुसून टाकतो, आणि आपल्याकडे मात्र आधी जागा अडते नि नंतर लाइन थांबते.

आणि जो माल अजून आलेलाच नाही त्याचे काय? जीआरएनवरून डेटा काढला की या ओळी यादीत येतच नाहीत, म्हणजे सगळ्यात वाईट उशीर हिशोबाबाहेर राहतो. त्यामुळे यादी पीओच्या बाजूने बनवा, बाकी नगांची स्वतंत्र ओळ करा आणि आवक तारीख रिकामी असेल तिथे अहवालाची शेवटची तारीख धरा. E कॉलममध्ये कबूल तारीख, F मध्ये गेट तारीख, G मध्ये नग आणि K1 मध्ये अहवालाची तारीख असेल, तर H मध्ये पहिले सूत्र टाका. दुसरे सूत्र त्या ऑर्डरच्या तीन ओळींची सरासरी काढते.

```
=MAX(0, IF(F2="", $K$1, F2) - E2)
=SUMPRODUCT(G2:G4, H2:H4) / SUM(G2:G4)
```

इथे TODAY() वापरू नका. फाइल पुढच्या आठवड्यात उघडली की गुण आपोआप बदललेले दिसतात आणि मग कोणता आकडा सांगितला होता यावरच वाद होतो. ज्या बाकी ओळींची तारीख अजून उलटलेलीच नाही, त्या मात्र वगळा. नाहीतर त्यांचे शून्य दिवस सरासरी उगाच खाली ओढतात.

नगांचे वजन फक्त एका ऑर्डर ओळीच्या आत वापरा. वेगवेगळ्या वस्तू एकत्र करताना ते चालत नाही, कारण 50,000 वॉशरपुढे 40 कास्टिंग दिसेनासे होतात. मी ओळीच्या आत नगांनी आणि ओळी एकत्र करताना प्रत्येक ओळीला सारखे वजन देतो.

रिजेक्शनमध्ये नेहमीची चूक टक्केवारीची सरासरी काढण्याची. एकाच वस्तूच्या 10 नगांच्या लॉटमध्ये 2 नापास झाले, म्हणजे 20 टक्के. 5,000 नगांमध्ये 10 नापास, म्हणजे 0.2 टक्के. सरासरी येते 10.1 टक्के, पण खरे प्रमाण 5,010 मध्ये 12, म्हणजे जेमतेम 0.24 टक्के आहे. आधी बेरजा करा, मग भागा. नापास नग ज्या महिन्यात नोंदले त्या महिन्यात न घालता, जीआरएन नंबरवरून मूळ लॉटला जोडा. असेंब्लीत सापडलेले नगही तिथेच यायला हवेत. डेव्हिएशनवर पास केलेला माल शून्य रिजेक्शन म्हणून सुटतो, त्याचा वेगळा कॉलम ठेवा. ज्याच्या मालाची तपासणीच होत नाही त्याचे रिजेक्शनही शून्यच दिसते. तिथे गुण न देता "तपासणी नाही" असे लिहा.

रेटच्या बाबतीत दोन फरक वेगळे ठेवा. बिलाचा रेट पीओपेक्षा जास्त असेल तर प्रश्न सप्लायरच्या बिलाचा आहे. पीओचा रेट ठरलेल्या करारापेक्षा जास्त असेल, तर अनेकदा प्रश्न आपला असतो: तातडीची छोटी ऑर्डर दिली आणि मोठ्या संख्येचा रेट मिळाला नाही. हा दुसरा फरक सप्लायरच्या गुणांत घालू नका. कच्च्या मालाच्या भावाशी बांधलेली करारातली वाढही वगळा. आणि फरक अचानक प्रचंड दिसला तर आधी एकक पाहा. पीओ किलोत आणि बिल नगांत, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता गुण. एकमेकांशी तुलना करून क्रमांक लावण्यापेक्षा ठरलेल्या मर्यादा घ्या. उदाहरणादाखल मर्यादा अशा: सरासरी उशीर 0 दिवस म्हणजे 100 गुण, 10 दिवस म्हणजे 0. रिजेक्शन 0 टक्के म्हणजे 100, 2 टक्के म्हणजे 0. रेटमधला फरक 0 टक्के म्हणजे 100, 5 टक्के म्हणजे 0. मधले गुण सरळ प्रमाणात. तुमच्या मर्यादा तुमच्याकडे किती दिवसांचा साठा असतो आणि नापास नग लाइनवर गेल्यास काय होते, यावरून ठरतील.

वरच्या बुशवाल्याला 'अ' म्हणू. समजा तिमाहीभरात त्याचा उशीर 6.5 दिवस, रिजेक्शन 0.24 टक्के आणि बिलातला फरक 1 टक्का आहे. त्याचे गुण 35, 88 आणि 80. 'ब'चा उशीर 1.5 दिवस, रिजेक्शन 1.2 टक्के, फरक शून्य. त्याचे गुण 85, 40 आणि 100. उशिराला 40, दर्जाला 40 आणि रेटला 20 असे वेटेज दिले तर 'अ'ला 65.2 आणि 'ब'ला 70. 'ब' पुढे. आता वेटेज 30, 50, 20 करा. 'अ'ला 70.5 आणि 'ब'ला 65.5. क्रम उलटला, आणि डेटातला एक आकडाही बदललेला नाही.

वेटेज शेवटी ठरवा म्हणालो ते यासाठीच. पाच-सहा गुणांच्या फरकावर कोणाची ऑर्डर कमी करू नका. वेटेज थोडे हलवून पाहा, क्रम टिकत नसेल तर दोघे सारखेच समजा. शिवाय कोणत्याही एका सदरात 50 च्या खाली गेलेला सप्लायर एकूण गुण कितीही असले तरी लाल दाखवा. इथे दोघेही लाल होतात, आणि तेच बरोबर आहे: 'अ'शी बोलायचे ते तारखांबद्दल, 'ब'शी बोलायचे ते त्याच्या अंतिम तपासणीबद्दल. एकूण गुण पाहून हे कळले नसते.

तिमाहीत दहापेक्षा कमी ओळी असतील तर त्या सप्लायरचे मागचे बारा महिने एकत्र घ्या. तीन ओळींतली एक उशिरा आली की त्याचे वेळेत येण्याचे प्रमाण थेट 67 टक्क्यांवर येते, त्यात त्याच्या सवयीपेक्षा योगायोग जास्त असतो.

गुण जाहीर करण्याआधी प्रत्येकाला त्याच्या ओळींची पूर्ण यादी पाठवा: पीओ नंबर, कबूल तारीख, गेट तारीख, नग, रिजेक्शन. उत्तराला आठ दिवस द्या. आमच्या पहिल्या फेरीत एक सप्लायर गेटचा शिक्का असलेल्या चलनांची फाइल घेऊनच आला. सात ओळींत आमची तारीख चुकीची निघाली, कारण गेटवरची वही आठवड्यातून एकदाच कॉम्प्युटरमध्ये भरली जात होती आणि सगळ्या एंट्र्यांवर भरण्याच्या दिवसाची तारीख पडत होती. त्या तिमाहीचे गुण आम्ही कोणालाच दिले नाहीत. आधी गेटवर रोजची एंट्री सुरू केली आणि पुढच्या तिमाहीपासून मोजायला घेतले.