दुसरीच्या वर्गात पाणी मोजायचं असेल तर

अगं, लिटर-मिली आत्ताच काढू नकोस, आधी मुलांना कळू दे की उंच भांडं म्हणजे जास्त पाणी असं नसतं. तुमच्याकडे इंदूरला टपरीवर चहाचे छोटे कागदी कप मिळतात ना, १०० मिलीवाले, तेच माप धर. समोर अर्ध्या लिटरची बाटली आणि एक पसरट स्टीलचा डबा ठेव ज्यात सहा कप मावतात (घरी मोजून बघूनच ने). बहुतेक मुलं बाटलीच म्हणणार.

शीटवर तीनच रकाने कर, भांड्याचं चित्र, अंदाज, मोजलेले कप. अंदाज स्केचपेननी लिहून घे, पेन्सिल दिलीस की उत्तर आल्यावर खोडून बरोबर करतात आणि मग शीटचा काही उपयोगच नाही. प्रत्येक कप ओतला की एक रेघ, पाचवी आडवी.

बाटलीत पाच कप ओतूनही वर थोडी जागा राहील, कारण ती तोंडापर्यंत भरली तर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त मावतं, तिथे "पाच आणि थोडं" लिहू दे. पण एका गटाचे पाच आणि दुसऱ्याचे सात आले तर समज कोणीतरी कप अर्धवट भरतंय, म्हणून कपावर आतून रेघ मार.

चमच्यानी बाटली भरायला लावू नकोस हं, पाच मिलीच्या चमच्यानी शंभर होतात! चमच्यानी एक कपच भरा, वीसच्या आसपास येतात. आणि खाली परात ठेव.