बी आधी फुगते का, ते पाहा

प्रश्न: रेडबडच्या बिया तीन महिने फ्रिजमध्ये ओल्या वाळूत ठेवल्या, एकही उगवली नाही. गुलमोहराच्या बिया मात्र घासून पेरल्या आणि लगेच आल्या. कुठल्या बीला काय करायचं, हे कसं ओळखायचं?

थंडीचा परिणाम व्हायचा तर आतला गर्भ ओला असावा लागतो. रेडबडच्या बीचं कवच पाणी आत घेतच नाही. वाळू ओली असली तरी तुमच्या बिया तीन महिने आतून कोरड्याच राहिल्या असणार.

कवच कठीण आहे की नाही, यावरून काही ठरत नाही. पाणी आत शिरतं का, हे महत्त्वाचं. पीचची कोय दगडासारखी असते, तरी तिच्यात हळूहळू पाणी मुरतं. अडतं ते आतल्या गर्भापाशी, म्हणून तिला सुमारे तीन महिने ओली थंडी लागते आणि नुसती कोय घासून ती थंडी टळत नाही. गुलमोहराचं उलट: गर्भ तयारच असतो, फक्त कवच आड येतं.

नवी बी हाती आली की दहा बियांना कानशीने किंवा नेलकटरने बारीक खाच पाडा, दहा तशाच ठेवा. खाच देठाच्या खुणेपासून लांब, कारण मूळ साधारण त्या बाजूला असतं. आतला फिकट रंग दिसला की थांबा. दोन्ही गट साध्या पाण्यात २४ तास ठेवा. खाचेच्या बिया फुगल्या आणि बाकीच्या होत्या तशाच राहिल्या, तर दोष कवचाचा. दोन्ही फुगल्या, तर घासण्यात वेळ घालवू नका.

मग फुगलेल्या बिया ओल्या टिशूत, उबदार जागी दोन-तीन आठवडे ठेवा. रुजल्या तर प्रश्न मिटला. मऊ पडून वास आला तर बी मेलेली. पण घट्ट, ताज्या राहूनही रुजत नसतील, तर थंडी हवी. रेडबड इथेच सापडतो. त्याला दोन्ही लागतात आणि क्रम चुकवून चालत नाही.

तेव्हा बिया फेकू नका. खाच पाडा. बिया खूप असतील तर उकळून आचेवरून उतरवलेलं, जरा निवलेलं पाणी ओता आणि रात्रभर तसंच निवू द्या. बिया आचेवर उकळायच्या नाहीत, गर्भ मरतो. सकाळी न फुगलेल्या वेगळ्या काढून त्यांना हाताने खाच द्या. फुगलेल्या बिया धुतलेल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये मिसळून पिशवीत भरा. मिश्रण मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. कवच उघडल्यावर बुरशी फार चटकन लागते, आणि माझ्या मते थंडीत बिया जातात त्या बहुतेक जास्त पाण्यामुळेच.

पिशवी ५ अंशांच्या आसपास, पाच ते आठ आठवडे. फ्रीजरमध्ये नको, फुगलेली बी गोठली की संपली. पाचव्या आठवड्यापासून अधूनमधून बघत जा. पांढरं मूळ डोकावलं की ती बी त्याच दिवशी कुंडीत लावा, मूळ लांबलं की लावताना तुटतं.